कमरेतलं इंजेक्शन: आधी हाड शोधायचं, मग सुईचं झाकण काढायचं

प्रश्न: "जीएनएम फर्स्ट इयरला आहे. लॅबमध्ये मॅडम आयएमसाठी व्हेंट्रोग्लुटिअल शिकवतात, वॉर्डात सगळ्या सिस्टर मागून कमरेत देतात. डमीवर मला जमतं पण खऱ्या पेशंटवर हात ठेवला की काहीच सापडत नाही. नक्की कुठे द्यायचं आणि जागा कशी शोधायची?"

डमीवर जमतं आणि पेशंटवर जमत नाही, कारण डमीवर तू डोळ्यांनी शोधतेस. तिथे फोमखाली हाडं टोकदार केलेली असतात, आधीच्या चार बॅचनी टोचून टोचून जागेवर भोकं पाडलेली असतात, कपडे नसतात, आणि डमी लाजून अंग आखडत नाही. पेशंटवर डोळ्यांना फक्त कातडी दिसते. आयएमची, म्हणजे मांसात द्यायच्या इंजेक्शनची, जागा मात्र कातडीवर नसतेच, ती दोन-तीन हाडांच्या मध्ये असते आणि हाडं बोटांनी शोधावी लागतात. मी वॉर्डात अठरा वर्षं काढली आणि आता स्किल लॅब घेते, दर वर्षी पहिल्या महिन्यात निम्मी मुलं सुई हातात घेऊन जागा शोधायला लागतात. मी सुई काढून घेते आणि म्हणते, आधी नुसत्या हाताने हाड दाखव.

एक गोष्ट आधीच सांगते, सगळ्यांना एकच जागा असं नसतं. पेशंटचं वय, अंगावर मांस किती, औषध कोणतं आणि किती एमएल, पेशंटला कुशीवर वळता येतंय का, आधीचं इंजेक्शन कुठल्या बाजूला झालंय, यावर जागा बदलते, शिवाय तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल असतो आणि तू स्टुडंट आहेस म्हणजे कोणीतरी रजिस्टर्ड सिस्टर शेजारी उभी असल्याशिवाय द्यायचं नाहीच. पण चांगल्या अंगाच्या मोठ्या माणसाला दोन-तीन एमएल किंवा त्याहून जास्त औषध खोल मांसात द्यायचं असेल तर माझी पहिली पसंती व्हेंट्रोग्लुटिअल, म्हणजे खुब्याच्या वरची, बाजूची जागा. का ते सांगते.

मी स्टाफ नर्स म्हणून लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात एक आजी आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, अगदी काटक, अंगावर मांस नाहीच. गुडघे दुखतात म्हणून बाहेर कुठेतरी डायक्लोफेनॅक घेतलं होतं, टेबलाला टेकून उभ्या उभ्या, साडी थोडी खाली सरकवून. आजी सांगत होत्या, "बाई, सुई टोचली तशी पायात वीज गेली, पार अंगठ्यापर्यंत." देणाऱ्याने "होतं असं थोडं" म्हणत औषध पूर्ण सोडलं. दुसऱ्या दिवशी चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, पाऊल वर उचलेना, पुढचा भाग जमिनीवर घासायचा म्हणून गुडघा उंच उचलून टाकत टाकत चालायच्या. याला फूट ड्रॉप म्हणतात. सायटिक नर्व्हचा पेरोनिअल भाग दुखावला की असं होतं. महिनोन्महिने फिजिओथेरपी आणि पायात स्प्लिंट, तरी त्यांचं पाऊल पूर्वीसारखं झालं नाही.

आता हे झालं कसं ते नीट बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मागच्या जागेला डॉर्सोग्लुटिअल म्हणतात, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की नितंबाचे चार भाग करा आणि वरच्या बाहेरच्या भागात द्या. वाक्य बरोबर आहे, पण चार भाग कशाचे करायचे इथे सगळे घसरतात. नवीन मुलं, आणि खरं सांगायचं तर जुनी माणसंही, जो गुबगुबीत गोळा दिसतो त्याचेच चार भाग करतात. खरं क्षेत्र वर इलियाक क्रेस्टपर्यंत, म्हणजे कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत जातं आणि खाली मांडीच्या घडीपर्यंत. तुम्ही फक्त गोळा धरलात तर तुमचा 'वरचा बाहेरचा भाग' प्रत्यक्षात बराच खाली येतो. साडी किंवा सलवार दोन बोटं खाली सरकवली असेल तर आतली सीमा दिसत नाही, आणि हात नकळत मधल्या बाजूला जातो. खाली आणि आत, दोन्ही दिशांना गेलात की सायटिक नर्व्हच्या अंगणात. ही नर्व्ह पायरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर पडते आणि खुब्याचं हाड आणि बसायचं हाड यांच्या साधारण मधून मांडीत उतरते. जाड नर्व्ह आहे, आणि काटक माणसात तिच्यावर मांसाचं पांघरूण पातळ. त्यात आजी उभ्या होत्या, अंगाचं वजन पायावर, म्हणजे मांस आखडलेलं.

व्हेंट्रोग्लुटिअल बाजूला असते, समोरच्या आणि मागच्या मध्ये, खुब्याच्या वर. इथे ग्लुटिअस मिडिअस आणि मिनिमस हे दोन स्नायू एकावर एक आहेत, खाली पसरट हाड आहे, आणि सायटिक नर्व्ह इथून लांब, पार मागे. मोठी रक्तवाहिनीही नाही. शिवाय बहुतेकांच्या अंगावर मागे जेवढी चरबी असते तेवढी इथे नसते, म्हणजे सुई मांसात पोचायची शक्यता जास्त. आणि तिची हद्द तीन हाडांनी आखलेली आहे, तिन्ही बोटाला लागतात, अंदाजाने गोळ्याचे तुकडे करायची गरज नाही.

ही तीन हाडं आधी स्वतःच्या अंगावर शोध, आत्ता वाचता वाचता उभी राहा. कमरेवर दोन्ही हात ठेवून भांडायला उभं राहतो ना तसं उभं राहिलं की हाताखाली जी कडा लागते ती इलियाक क्रेस्ट. त्या कडेवरून बोटं पुढे पोटाच्या बाजूला सरकवत आण, कडा संपते तिथे पुढे एक टोक लागेल, परकराची नाडी किंवा जीन्सचा बेल्ट जिथे टोचतो ते, हे एएसआयएस. तिसरं खुब्याचं हाड, ग्रेटर ट्रोकँटर. हे चरबीखाली दडतं म्हणून सगळ्यात जास्त मुलं इथेच चुकतात. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने तळवा सपाट दाबून ठेव आणि पाय टाचेवर आत-बाहेर फिरव, पाऊल डावीकडे उजवीकडे करतो तसं. तळव्याखाली एक गोटा सरकताना जाणवेल, तोच ट्रोकँटर. पेशंट झोपलेला असेल तर त्याला म्हणायचं, काका, पायाची बोटं जरा आत करा, आता बाहेर करा. सरकणारं हाड मिळेपर्यंत सुईला हात लावायचा नाही.

आता हात ठेवणं. पेशंटच्या उजव्या बाजूला द्यायचं असेल तर तुझा डावा हात, डाव्या बाजूला द्यायचं असेल तर उजवा, म्हणजे नेहमी उलटा. तळव्याची टाच, मनगटाजवळचा जाड भाग, ट्रोकँटरवर. बोटं पेशंटच्या डोक्याकडे, अंगठा त्याच्या जांघेकडे. तर्जनी एएसआयएसवर टेकव, मग मधलं बोट तर्जनीपासून लांब, मागे, इलियाक क्रेस्टच्या बाजूला फाक. दोन बोटांमध्ये इंग्रजी व्ही तयार होतो, त्या व्हीच्या मधोमध जागा. अंगठा जांघेकडे आहे का हे एकदा बघायचंच, तो पाठीकडे असेल तर चुकीचा हात ठेवलायस आणि तुझा व्ही मागे सरकलाय. परीक्षेत हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, मूल घाबरलेलं असतं आणि सोयीचा हात ठेवून मोकळं होतं.

हाताच्या मापाची एक अडचण आहे, ती लॅबमध्ये फारसं कोणी बोलत नाही. तुझा हात छोटा आणि पेशंट सहा फुटी असेल तर तळवा खुब्यावर आणि तर्जनी एएसआयएसवर एकाच वेळी पोचतच नाही. मग मुलं तळवा तसाच ठेवतात आणि तर्जनी जिथे पोचेल तिथे टेकवतात, व्ही खाली येतो. उलट दणकट हाताच्या मुलाने बारीक बाईवर हात ठेवला तर व्ही वर चढतो, तिथे मांस पातळ, सुई सरळ हाडाला लागते. म्हणून मी हाताचं माप फक्त सुरुवातीला वापरायला सांगते, नंतर त्रिकोण. ट्रोकँटर, एएसआयएस, आणि इलियाक क्रेस्टवर एएसआयएसच्या साधारण ५ सेंटीमीटर मागे एक उंचवटा लागतो तो, या तीन बिंदूंचा त्रिकोण मनात काढायचा आणि त्याच्या मधोमध बोट ठेवायचं. व्हीचा मध्य आणि त्रिकोणाचा मध्य जवळपास एकाच जागी आले तर ठीक, खूप फरक असेल तर त्रिकोणावर विश्वास ठेव. मग तिथे बोटाने चिमटून आणि दाबून बघ, खाली मांस आहे का, गाठ आहे का, दुखतंय का. पेशंटला पाय किंचित बाजूला उचलायला लाव, मिडिअस आखडतो आणि बोटाखाली फुगतो, मग परत सैल सोडायला सांग.

आता एक प्रत्यक्ष केस घेऊ, लॅबमध्ये मी हीच देते. सोळा वर्षांची मुलगी, वजन ३८ किलो, रुमॅटिक हार्ट डिसीज, दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट खोल आयएम. मागच्या वेळी डाव्या बाजूला दिलं होतं. मुलगी म्हणते, "मागच्या वेळी तीन दिवस लंगडत होते."

मागच्या वेळी डावी, म्हणून आज उजवी. मुलगी बारीक आहे, मागे मांस कमी, म्हणजे डॉर्सोग्लुटिअल नकोच. दंडात? नाही, औषध दाट आहे आणि पातळ केल्यावर तीन-चार एमएल होतं, दंडात एवढं बसत नाही, तिथे मोठ्या माणसालाही १ एमएलच्या आसपासच ठीक. म्हणून उजवी व्हेंट्रोग्लुटिअल.

सुई कोणती? हे औषध दुधासारखं, त्यात बारीक कण असतात, बारीक सुईत अडकतं. म्हणून २१ गेज, हिरव्या हबची. आणि लांबी. आपल्याकडे २ आणि ५ एमएलच्या सिरिंजसोबत बहुतेक वेळा १ इंची सुई येते, आणि वॉर्डात तीच सगळ्यांना वापरली जाते. या बारीक मुलीला व्हेंट्रोग्लुटिअलला १ इंच कदाचित पुरेल, पण नव्वद किलोच्या काकूंना मागच्या बाजूने १ इंची सुईने दिलं तर औषध चरबीतच राहतं, मग तिथे गाठ होते, दुखतं, आणि औषध नीट शोषलं जात नाही. मोठ्या माणसाला कमरेत द्यायचं तर दीड इंच, ३८ मिलिमीटर, हे धरून चाल, आणि बोटांनी चिमटून बघून कमी-जास्त कर. सुई पूर्ण हबपर्यंत घुसवायची नाही, थोडी बाहेर दिसली पाहिजे.

औषध तयार करायच्या आधी ऑर्डर, व्हायलवरचं नाव, ॲलर्जीची विचारपूस, आणि तुमच्याकडे टेस्ट डोसचा प्रोटोकॉल असेल तर त्याचा रिझल्ट. मागच्या वेळी, एकवीस दिवसांपूर्वी, काही झालं नाही म्हणून यावेळी विचारायचं नाही असं करू नकोस. ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन असलं पाहिजे, कपाटात असून उपयोग नाही. पाणी व्हायलच्या लेबलवर लिहिलंय तेवढंच घालायचं, व्हायल तळव्यांमध्ये फिरवून एकसारखं करायचं, आणि भरल्यावर लगेच द्यायचं. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून फोन घ्यायला गेलीस तर कण खाली बसतात आणि सुई तुंबते.

मुलीला डाव्या कुशीवर झोपव, वरचा म्हणजे उजवा गुडघा वाकवून पुढे टाक, म्हणजे मांस सैल पडतं. पडदा ओढ, मावशी किंवा आई शेजारी असू दे, आणि कपडे नीट बाजूला कर, कमरेची कडा आणि खुबा दोन्ही मोकळे दिसले पाहिजेत. तू पाठीमागे उभी. डावा हात ठेव, टाच खुब्यावर, तर्जनी एएसआयएसवर, अंगठा पुढे. जागा सापडली की नखाने हलकी खूण कर आणि हात उचल. दोन बोटांच्या मधोमध सुई मारताना स्वतःच्याच बोटात घुसवलेली मुलं मी पाहिलीत, पेशंटने अंग झटकलं की तेच होतं, म्हणून व्ही जागा शोधायला वापरायचा, नेम धरायला नाही.

जागा मधून बाहेर गोल गोल पुसायची आणि वाळू द्यायची, तीसेक सेकंद तरी. ओल्या स्पिरिटवर टोचलं की जास्त चुरचुरतं. कापूस कोरडा डब्यातून घेऊन तेव्हाच भिजवलेला बरा, सकाळपासून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले बोळे वापरू नकोस, त्या डब्यात प्रत्येकाचा हात जातो.

आता झी ट्रॅक. डाव्या हाताच्या कडेने जागेवरची कातडी एका बाजूला ओढून धर, दोन-तीन सेंटीमीटर, आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. सिरिंज पेनसारखी धर, नव्वद अंशात, एका झटक्यात आत. नवीन मुलं हळूहळू सुई ढकलतात कारण त्यांना वाटतं पेशंटला कमी दुखेल, उलट कातडी हळू फाटली की जास्त दुखतं. सुई भरभर आणि औषध सावकाश, हे उलटं होता कामा नये. आत गेल्यावर प्लंजर मागे ओढून पाच ते दहा सेकंद थांब. रक्त आलं का बघ, या पांढऱ्या औषधात ते लगेच कळत नाही म्हणून हबकडे नीट बघ. रक्त आलं तर औषध सोडायचं नाही, सुई बाहेर, ती सिरिंज टाकून द्यायची, नवीन भरायची, आणि मोह आवरायचा की "थोडंच आहे, जरा पुढे ढकलू." बेन्झाथिन पेनिसिलिन शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. रक्त नसेल तर साधारण एका एमएलला दहा सेकंद, न थांबता एकसारखं. या औषधात मध्ये थांबलीस तर तुंबेल, म्हणून सावकाश म्हणजे रखडत नाही. संपल्यावर दहा सेकंद तसंच थांब, सुई सरळ बाहेर काढ, आणि मगच कातडी सोड. कातडी परत जागेवर आली की सुईने केलेली वाट वाकडी होते आणि औषध मागे झिरपत नाही. कापूस दाबून ठेव, चोळू नकोस. चोळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पेशंटची आईच चोळायला लागते, तिला सांगावं लागतं.

मग अर्धा तास बसवून ठेव. खाज, पुरळ, दम, चक्कर, आवाज बसणं, यातलं काही दिसलं की लगेच हाक मारायची, आणि ॲड्रेनॅलिन मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला आयएम दिलं जातं, दंडापेक्षा तिथून लवकर शोषलं जातं म्हणून.

या मुलीचं लंगडणं का झालं असेल? औषधच दुखरं आहे, थोडं दुखणारच. पण तिला विचार, दुखणं टोचलेल्या जागीच होतं की पायात खाली जात होतं. जागीच असेल तर भरभर सोडणं, एकाच बाजूला परत परत देणं किंवा चरबीत देणं, यातलं काहीतरी. पायात खाली जात असेल, मुंग्या येत असतील, तर आज कुठलंही इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं.

देताना काय बिघडतं आणि कसं ओळखायचं, यात तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. सुई कडक काहीतरी लागून थांबली तर ते हाड, घाबरायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायची आणि मग ओढून बघायचं. पेशंट "आई गं" म्हणाला तर ते टोचल्याचं, पण पायात वीज, झिणझिण्या, मांडीतून खाली सळक असं काहीही म्हणाला तर औषधाचा एक थेंबही न सोडता सुई बाहेर. आजींच्या बाबतीत हेच झालं नाही. त्यानंतर पेशंटला पाऊल वर उचलायला, अंगठा वर करायला लाव, दोन्ही पायांत फरक आहे का बघ, आणि सिस्टरला आणि डॉक्टरांना लगेच सांग, लिहून ठेव. लपवायची इच्छा होते, मला माहितीये, पण पहिल्या तासातलं तपासणं पेशंटच्या कामाचं असतं. आणि तिसरं, इंजेक्शननंतर त्या जागेवर कातडी पांढरी पडली, मग निळसर काळपट जाळीसारखी दिसायला लागली आणि वेदना अवाच्या सवा असतील, तर ते साधं सुजणं नाही, रक्तपुरवठा अडकल्याचं लक्षण असू शकतं, ताबडतोब डॉक्टर.

आता तुझी खरी पंचाईत, वॉर्डात सिस्टर म्हणाल्या की मागून दे. वाद घालत बसू नकोस, "सिस्टर, मला व्हेंट्रो शिकवलंय, तुमच्यासमोर ते देऊ का" एवढं विचार, बऱ्याच जणी हो म्हणतात, कारण त्यांनाही उत्सुकता असते. मागून द्यायचंच झालं तर गोळ्याचे चार भाग करू नकोस. कमरेच्या मागे दोन खळगे दिसतात, तिथलं हाड पीएसआयएस. तिथून ट्रोकँटरपर्यंत बोटाने एक तिरकी रेघ ओढ. सुई त्या रेघेच्या वर आणि बाहेर, खाली कधीच नाही. पेशंट पालथा, पायाची बोटं आत वळवलेली, किंवा कुशीवर वरचा पाय पुढे. उभं करून नाही. इथे मागे ओढून बघणं अजिबात टाळायचं नाही कारण सुपीरियर ग्लुटिअल आर्टरी जवळ आहे. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला मागून नाहीच.

एक अपवाद तुला लेबर रूममध्ये दिसेल आणि गोंधळ होईल, म्हणून सांगून ठेवते. एक्लॅम्प्सियामध्ये मॅगसल्फ ५ ग्रॅम प्रत्येक नितंबात खोल आयएम देतात. आपल्याकडचं अँप्यूल ५० टक्क्याचं, २ एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला पाच अँप्यूल, १० एमएल. तू लॅबमध्ये शिकलेली एका जागेची मर्यादा, मोठ्या स्नायूत पाच एमएलच्या आसपास, ती इथे जाणूनबुजून मोडलेली असते कारण झटके थांबवणं जास्त निकडीचं असतं. यावरून बाकी औषधंही एका जागी १० एमएल चालतात असा अर्थ काढू नकोस.

मांडी आणि दंड थोडक्यात, कारण तू ते विचारलं नाहीस पण ओएससीईला, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला, येतात. बाळाला मांडीच, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तीन भाग कर आणि मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला पण किंचित पुढे. पेंटाव्हॅलंट लसीचा अर्धा एमएल तिथेच जातो. आईला बाळाचा पाय न आवळता पण हलणार नाही असा धरायला सांग, मांडीचं मांस हलकं चिमटीत घे. दंडात खांद्याच्या हाडाची कडा, ॲक्रोमिअन, शोध, तिच्याखाली दोन-तीन बोटं सोडून डेल्टॉइडच्या मधोमध. बाही वर गुंडाळून गळ्यासारखी आवळली की मुलं कडेला चिकटून वर टोचतात, मग औषध सांध्यात जाऊन खांदा आठवडेच्या आठवडे दुखतो, आणि फार खाली गेलीस तर ॲक्सिलरी आणि रेडिअल नर्व्हची भीती. म्हणून खांदा पूर्ण मोकळा करायला लाव. रेबीजची लस मोठ्यांना इथेच, कमरेत कधीच नाही, तिथे तिचा परिणाम कमी होतो. लसीला प्लंजर मागे ओढायची गरज नसते, दंड आणि मांडी या जागांना मोठी रक्तवाहिनी नाही म्हणून.

सुईला परत झाकण लावू नकोस, झाकण लावताना पुष्कळ जणांची बोटं टोचतात. तिथेच हब कटरने कापायची, सुई पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. आणि लिहिताना "आयएम दिलं" एवढंच लिहू नकोस, औषध, डोस, वेळ, आणि "उजवी व्हेंट्रोग्लुटिअल" असं लिही, कारण २१ दिवसांनी ती मुलगी परत येईल तेव्हा डावी की उजवी हे तिथे उभ्या असलेल्या सिस्टरला तुझ्या त्या ओळीवरूनच कळणार आहे.

लॅबला जाशील तेव्हा मैत्रिणीवर, कपड्यांवरून, सुईशिवाय, दहा वेगवेगळ्या अंगाच्या माणसांवर तीन हाडं शोध आणि पेनाने ठिपका काढ. पुढच्या वेळी सांग, ट्रोकँटर किती जणींत पहिल्या झटक्यात सापडला.